आडनावाचा रकाना आणि दक्षिणेकडचे नाव

बँकेत खाते उघडताना किंवा पॅन कार्ड काढताना जो फॉर्म हातात येतो, त्यावर नावासाठी बहुधा तीन रकाने असतात: पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे रकाने भरताना थांबावे लागत नाही. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे आणि शेवटी आडनाव, अशीच आपली सवय असते. पण तुमचे नाव एस. मुरुगन किंवा एम. कविता असे असेल तर? आडनाव असे काही घरात नाहीच, आणि वडिलांचे नाव एका अक्षरात पुढे उभे आहे. मग आडनावाच्या रकान्यात काय लिहायचे?

हा प्रश्न केवळ चेन्नई किंवा मदुराईत राहणाऱ्यांचा नाही. मुंबईत, पुण्यात, सुरतेत, दिल्लीत दक्षिणेकडची असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. तुमची सून किंवा जावई तिकडचा असेल, तुमच्या बचत गटात अशी एखादी सभासद असेल, किंवा तुम्ही बँक मित्र म्हणून लोकांचे फॉर्म भरून देत असाल, तरी हा रकाना तुमच्यापुढे येतोच. प्रत्येक ठिकाणी तो सुचेल तसा भरला, तर एकाच माणसाची चार कागदांवर चार नावे होतात. हे लक्षात येते ते नेमके पैसे काढायची वेळ आल्यावर.

पुढचे अक्षर कशाचे आहे?

फॉर्म भरण्यापूर्वी इनिशियल, म्हणजे नावापुढचे अक्षर, कशाचे आहे ते विचारून घ्या. दक्षिणेत सगळीकडे त्याचा अर्थ सारखा नसतो.

तमिळनाडूत ते बहुधा वडिलांच्या नावाचे असते. क्रिकेटपटू आर. अश्विन म्हणजे रविचंद्रन अश्विन. रविचंद्रन हे वडिलांचे नाव आणि अश्विन हे स्वतःचे. बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद यांचेही तसेच आहे. विश्वनाथन हे त्यांचे वडील, आनंद ते स्वतः. अशा घरात आजोबा, वडील आणि मुलगी यांच्यात सामाईक आडनाव नसते. सुब्रमण्यमचा मुलगा एस. मुरुगन आणि मुरुगनची मुलगी एम. कविता, अशी दर पिढीत पुढची अक्षरे बदलत जातात.

केरळात आणि कर्नाटकात दोन अक्षरे असली तर त्यांतले एक पुष्कळदा घराचे किंवा गावाचे असते. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या नावात कोचेरिल हे घराण्याचे नाव आणि रामन हे वडिलांचे. माजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा यांच्या नावात हरदनहळ्ळी हे गाव आणि दोड्डेगौडा हे वडील.

आंध्र प्रदेश आणि तेलंगणात मात्र पहिले अक्षर बहुधा घराण्याच्या नावाचे असते. त्याला तेलुगूत इंटिपेरु म्हणतात. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांचे पामुलपर्ती हे इंटिपेरु. हे आपल्या आडनावासारखेच पिढ्यान्‌पिढ्या चालते, फक्त ते शेवटी न येता आधी येते. सोलापुरातल्या तेलुगू कुटुंबांनी तेच नाव मराठी पद्धतीने शेवटी लिहायला केव्हाच सुरुवात केली. त्यामुळे एकाच घराण्यातले सोलापूरचे चुलते ते शेवटी लिहितात आणि तेलंगणातले भाऊबंद आधी.

म्हणून इंटिपेरु असेल, तर आडनावाच्या रकान्याचा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो: ते पूर्ण लिहून त्या रकान्यात टाकायचे. खरी अडचण येते ती जिथे पुढचे अक्षर वडिलांचे आहे तिथे. या लेखात यापुढे त्याच नावांबद्दल बोलू.

पॅनचा फॉर्म काय सांगतो?

पॅनसाठी वर्षानुवर्षे वापरात असलेल्या फॉर्म ४९ए मध्ये आडनावाचा रकाना सगळ्यात आधी येतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही. आडनावाच्या आणि पहिल्या नावाच्या रकान्यात नुसते अक्षर लिहिलेलेही चालत नाही. ते उलगडून पूर्ण नाव लिहावे लागते. दक्षिणेकडच्या नावांचे काय करायचे, याचे उदाहरण त्या फॉर्मच्या सूचनांमध्येच दिलेले आहे. एम. एस. कंदस्वामी, म्हणजे मदुराई सोमसुंदरम कंदस्वामी, या नावासाठी आडनावात कंदस्वामी, पहिल्या नावात मदुराई आणि मधल्या नावात सोमसुंदरम लिहावे, असे तिथे दाखवले आहे.

म्हणजे माणसाचे स्वतःचे नाव गेले आडनावात, आणि गावाचे नाव आले पहिल्या नावात. वाचताना हे उलटे वाटते. पण तीन रकाने पहिले, मधले, शेवटचे या क्रमाने जोडून वाचा: मदुराई सोमसुंदरम कंदस्वामी. तोंडी जसे म्हणतात तसेच नाव तयार झाले. इथे आडनाव या शब्दाचा अर्थ ‘घराण्याचे नाव’ असा घ्यायचा नसतो, तर ‘नावातला शेवटचा शब्द’ असा घ्यायचा असतो. त्या रकान्यासाठी जात, गाव किंवा नवे काही शोधून आणण्याची गरज नाही.

तुमच्या पॅनच्या वेळी या रकान्यात काय गेले होते, हे पॅन क्रमांकावरूनच कळते. क्रमांकाची पहिली पाच चिन्हे इंग्रजी अक्षरे असतात. चौथे अक्षर P असेल तर ते पॅन व्यक्तीचे आहे. पाचवे अक्षर त्या व्यक्तीच्या आडनावाच्या रकान्यातले पहिले अक्षर असते. मुरुगनची मुलगी कविता हिच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर K असेल, तर आडनावात तिचे स्वतःचे नाव गेले आहे. M असेल तर वडिलांचे गेले आहे. पुढे नावात दुरुस्ती केली तरी पॅन क्रमांक तोच राहतो, म्हणून हे अक्षर पहिल्या वेळची नोंद सांगते.

दोन पद्धती, आणि दोन्हींतली खोच

वडिलांचे नाव पुढे असणाऱ्या माणसाला दोन मार्ग असतात. पहिला मार्ग पॅनच्या उदाहरणातला: वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात, स्वतःचे शेवटच्या रकान्यात. पूर्ण नाव होते MURUGAN KAVITHA. दुसरा मार्ग स्वतःचे नाव पहिल्या रकान्यात आणि वडिलांचे शेवटच्या रकान्यात लिहिण्याचा. पूर्ण नाव होते KAVITHA MURUGAN.

पहिल्या मार्गात नाव घरच्या पद्धतीने राहते आणि शाळेच्या दाखल्यावरच्या M. KAVITHA शी त्याचा मेळ लगेच दिसतो. गैरसोय अशी, की बँकेची आणि दुकानांची यंत्रे पहिल्या रकान्यातला शब्द माणसाचे नाव समजतात. कविताच्या मोबाइलवर ‘प्रिय मुरुगन’ असे संदेश येत राहतात. ते खटकते, पण त्याने पैसे अडत नाहीत.

दुसऱ्या मार्गात हाक बरोबर मारली जाते. पण त्यात एक खड्डा आहे. पॅन कार्डावर नाव छोटे करून छापून घेता येते. त्यात पहिले आणि मधले नाव एका अक्षरावर आणता येते, शेवटचे मात्र पूर्णच ठेवावे लागते. KAVITHA MURUGAN छोटे केले की K MURUGAN होते. तमिळ पद्धतीने वाचले तर हा मुरुगन नावाचा, ‘के’ अक्षराने सुरू होणाऱ्या वडिलांचा मुलगा झाला. म्हणजे ती कविता राहिलीच नाही. दुसरा मार्ग घेतला असेल, तर नाव कुठेही छोटे करू देऊ नका.

दोन्हींपैकी एकच मार्ग बरोबर आणि दुसरा चूक असे नाही. चूक होते ती एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा घेतल्याने.

एक उदाहरण पाहू

समजा, कविता मदुराईत शिकली आणि लग्नानंतर पुण्यात आली. घरी ती शिवणकाम करते. वडील मुरुगन वारल्यावर तिच्या वाट्याला आलेले ८,५०,००० रुपये तिने बँकेत मुदत ठेवीत ठेवले. वर्षभरात त्यावर सुमारे ६२,००० रुपये व्याज झाले. बँकेने त्यातून १० टक्के म्हणजे ६,२०० रुपये टीडीएस कापला. तिचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खालीच आहे, म्हणून तिने विवरणपत्र भरले आणि ६,२०० रुपयांचा परतावा मागितला.

परतावा ज्या खात्यात हवा, ते खाते आयकर विभागाच्या पोर्टलवर आधी पडताळून घ्यावे लागते. त्या वेळी पॅनवरचे नाव आणि बँकेतले नाव यांची तुलना होते. कविताच्या खात्याची पडताळणी झाली नाही. कारण म्हणून ‘नाव जुळत नाही’ असे आले, आणि परतावा थांबला.

तिने सगळे कागद टेबलावर मांडले आणि प्रत्येकावरचे नाव टिंबासकट, जसेच्या तसे, एका वहीत उतरवले. यादी अशी झाली:

शाळेचा दाखला: M. KAVITHA
आधार: Kavitha M
पॅन: MURUGAN KAVITHA
बँकेचे पासबुक: KAVITA M
टपाल खात्याचे बचत खाते: R KAVITHA

पाच कागद, पाच नावे. प्रत्येकामागे कारण होते. आधारच्या वेळी ऑपरेटरने स्वतःचे नाव आधी घेऊन अक्षर मागे टाकले. पॅन काढून देणाऱ्याने फॉर्मच्या सूचनेप्रमाणे अक्षर उलगडले. बँकेत आधार पाहून पहिल्या नावात स्वतःचे नाव आणि आडनावात नुसते M लिहिले गेले. टपाल कार्यालयातले खाते लग्नानंतर उघडले होते, आणि तिथे तमिळ घरांत पुष्कळदा होते तसे वडिलांचे अक्षर जाऊन पती रमेशचे R आले.

बँकेच्या नोंदीत आणखी एक बारीक फरक आहे, तो नीट पाहा: KAVITHA मधला H गळला आहे. दक्षिणेत इंग्रजीत ‘त’ साठी TH आणि ‘ट’ साठी T लिहायची पद्धत आहे, म्हणून तिकडे Kavitha, Geetha, Swathi असे लिहितात. महाराष्ट्रातला कारकून ‘कविता’ ऐकतो आणि सवयीने Kavita लिहितो. बोलताना दोन्ही एकच. यंत्राला दोन वेगळी नावे. म्हणून काउंटरवर नाव सांगू नका. कागद दाखवा किंवा अक्षर अक्षर करून लिहून द्या.

दुरुस्ती कुठून सुरू करायची?

पहिले काम कागद बदलण्याचे नाही, एक रूप ठरवण्याचे आहे. ते ठरवताना नवे नाव तयार करू नका. हातातल्या कागदांपैकी ज्यावर अक्षर उलगडून पूर्ण नाव आले आहे, तो कागद शोधा. कविताकडे असा एकच कागद आहे, पॅन. म्हणून तिने MURUGAN KAVITHA हेच रूप कायम केले. तिला KAVITHA MURUGAN अधिक आवडले असते. पण मग पॅनही बदलावे लागले असते आणि तो क्रम असलेला एकही पुरावा तिच्याकडे नव्हता. तुमच्याकडे पासपोर्ट असेल आणि त्यावर दुसरा क्रम असेल, तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो. जे रूप ठेवल्याने सगळ्यात कमी कागद बदलावे लागतील, ते रूप निवडा.

दुसरे काम आधारचे. आधारवर आडनावाचा वेगळा रकाना नसतो. पूर्ण नाव एकाच ओळीत असते. त्यामुळे रकान्यांची ओढाताण तिथे नाही, आणि बँक पुढे तोच कागद पुरावा म्हणून घेते. इनिशियल उलगडून पूर्ण नाव करणे किंवा शब्दांचा क्रम बदलणे हा आधारमध्ये लहान बदल धरला जातो. पूर्ण नावच बदलायचे असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी लागते; इथे ती लागत नाही. आधार केंद्रात नव्या रूपाचा पुरावा द्यावा लागतो, आणि पॅन कार्ड हा ओळखीचा मान्य पुरावा आहे.

एक मर्यादा मात्र पक्की ध्यानात ठेवा: आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. म्हणून केंद्रात जाण्यापूर्वी नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या. ऑपरेटरने टाइप केलेले नाव पडद्यावर आणि पावतीवर अक्षर अक्षर जुळवून पाहा, आणि मगच सही करा. घाईत राहिलेल्या एका H पायी दोनातली एक संधी वाया जाऊ शकते.

तिसरे काम बँकेचे. नवे आधार आणि पॅन यांच्या प्रती जोडून शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जात ‘पासबुकावरचे नाव दुरुस्त करावे’ एवढेच लिहू नका. ‘माझ्या ग्राहक क्रमांकावरील नाव दुरुस्त करावे’ असे लिहा. बचत खाते, मुदत ठेव, आवर्ती ठेव ही सगळी खाती एका ग्राहक क्रमांकाखाली असतात. नाव तिथे बदलले की सगळीकडे बदलते. नुसते पासबुक नवे छापून मिळाले आणि मूळ नोंद तशीच राहिली, तर आयकर पोर्टलला जुनेच नाव दिसत राहील. काही वेळा एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक तयार झालेले असतात, एक KAVITA M चा आणि एक KAVITHA चा. ते एकत्र करून द्यायला सांगा.

कविताने बँकेत रकाने भरताना पॅनसारखेच लिहिले: पहिले नाव MURUGAN, आडनाव KAVITHA, मधले रिकामे. नोंद बदलल्याचा संदेश आल्यावर तिने पोर्टलवर खाते पुन्हा पडताळले. या वेळी ते जुळले. मग तिने परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती त्याच पोर्टलवर नोंदवली. ही विनंती वेगळी करावी लागते. खाते जुळले की पैसे आपोआप येतील, असे समजून बसू नका.

आधार आणि पॅन यांची जोडणी राहिली असेल, तर ती याच वेळी उरकून घ्या. नावात थोडासाच फरक असेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने काम होऊ शकते. नावे पूर्ण वेगळी असतील तर जोडणी होत नाही. आधी दोन्हींपैकी एक दुरुस्त करावे लागते. १ जुलै २०२३ पासून ज्यांची जोडणी झालेली नाही त्यांचे पॅन निष्क्रिय धरले जाते, आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी १,००० रुपये शुल्क ठरवण्यात आले. निष्क्रिय पॅनवर व्याजातून १० ऐवजी २० टक्के कापले जातात. कविताच्या बाबतीत ६,२०० च्या जागी १२,४०० रुपये कापले गेले असते, आणि निष्क्रिय पॅनवर परतावाही मिळत नाही.

लग्नानंतर बदललेले अक्षर

टपाल खात्यातले R KAVITHA हे नाव राहिले. इथे फरक स्पेलिंगचा किंवा क्रमाचा नाही. पुढचे अक्षर वेगळ्या माणसाचे आहे. कागदाच्या दृष्टीने रमेश यांच्याशी संबंधित कविता आणि मुरुगनची मुलगी कविता या दोन स्त्रिया असू शकतात. त्या एकच आहेत हे सांगणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. त्यात वडिलांचे नाव आणि पतीचे नाव दोन्ही असावे लागते. कविताने त्याची प्रत, नवे आधार आणि पॅन जोडून टपाल कार्यालयात नाव दुरुस्तीचा अर्ज दिला.

अशा वेळी बरेच जण ‘दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे’ असे प्रतिज्ञापत्र करून घेतात. त्याचा उपयोग आहे, पण तो कुठे आहे ते समजून घ्या. समोर बसलेला अधिकारी ते वाचून जुने प्रमाणपत्र तुमचे आहे हे मान्य करू शकतो. यंत्र मात्र प्रतिज्ञापत्र वाचत नाही. जिथे नाव यंत्र जुळवते, तिथे नोंदच बदलावी लागते.

लग्नानंतर अक्षर बदलायचे की नाही, हा तुमचा निर्णय आहे. कायद्याने ते बदलण्याची सक्ती नाही. ते बदललेच नाही, तर लग्नाआधीच्या ठेवी, विमा आणि पॅन यांना हात लावावा लागत नाही. बदलायचे ठरवले, तर ते पूर्ण उलगडून, सगळीकडे आणि एकाच हप्त्यात बदला. निम्मे कागद M चे आणि निम्मे R चे ठेवून वर्षे काढू नका.

एकच शब्दाचे नाव असेल तर

काहींच्या आधारवर आणि दाखल्यावर इनिशियलही नसते, नुसते KAVITHA असते. अशा माणसाने पॅनच्या फॉर्ममध्ये ते नाव आडनावाच्या रकान्यात लिहायचे आणि पहिले व मधले रकाने रिकामे ठेवायचे. पासपोर्टच्या अर्जात मात्र याच्या उलट असते: तिथे ते नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात जाते आणि आडनाव रिकामे ठेवता येते. दोन सरकारी फॉर्म, दोन उलट नियम, पण छापून येणारे नाव एकच. तुलना त्या छापील नावाचीच होते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

काही खाजगी संकेतस्थळे दोन्ही रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मग कोणी आडनावात टिंब देते, कोणी NA लिहिते, कोणी तेच नाव पुन्हा लिहिते. त्या क्षणी फॉर्म पुढे जातो, पण नोंद KAVITHA NA किंवा KAVITHA KAVITHA अशी होते, आणि पैसे काढताना ती पॅनशी जुळत नाही. पैसे भरण्याआधीच त्या कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी विचारा, आणि उत्तर जपून ठेवा. पैसे भरल्यानंतरच्या दुरुस्तीपेक्षा हे कितीतरी सोपे असते.

वारसाचे नाव लिहिताना

स्वतःचे नाव नीट झाले की एक रकाना राहतो, आणि तो बहुतेक जण पाहत नाहीत: नामनिर्देशनाचा. तिथे सवयीने ‘M. KAVITHA, मुलगी’ एवढेच लिहिले जाते. मुरुगन आणि त्यांचा भाऊ मणी, दोघांच्या मुलींची नावे कविता असतील तर दोघीही एम. कविताच होतात. ठेवीदार हयात असताना त्याला विचारता येते. हे नामनिर्देशन कामाला येते तेव्हा तो नसतो.

म्हणून नामनिर्देशित व्यक्तीचे नाव तिच्या आधारवर आहे तसे, पूर्ण उलगडून लिहा. सोबत नाते आणि जन्मतारीख लिहा. तिने पुढे नाव दुरुस्त केले, तर नामनिर्देशनही नव्याने भरा. कविताचे आधार बदलले त्या आठवड्यात तिच्या आईने आपल्या खात्यावरचे नामनिर्देशन पाहिले. तिथे अजून M. KAVITHA होते. आईने नवा फॉर्म भरून दिला आणि शाखेचा शिक्का असलेली पोच पासबुकात ठेवली.